सियामवर जायचं का, आणि गेलो तर मागे किती ठेवायच्या?

प्रश्न: दादा, रविवारी आमच्यात रिस्कचा डाव असतोय. अख्खा ऑस्ट्रेलिया माझा आहे. या पाळीच्या नव्या सोंगट्या धरून इंडोनेशियात ११, न्यू गिनीत ३, उरलेल्या दोन ठिकाणी १-१. समोर सियाममध्ये एकाच्या ५ आणि चीनमध्येही त्याच्याच ५. त्याचे एकूण १० प्रदेश, पूर्ण खंड एकही नाही, हातात १ कार्ड. भारत तिसऱ्याच्या ताब्यात, तिथं २ सोंगट्या. माझ्याकडं २ कार्ड आहेत. सियाम घेऊ का? ११ ला ५ म्हणजे जिंकणारच असं वाटतंय, पण मागच्या डावात असंच जिंकलो आणि पुढच्याच पाळीत ऑस्ट्रेलिया घालवला. मागे किती ठेवायच्या, ते कसं ठरवायचं?

उत्तर:

जा, पण थांबायची रेघ आधी आखून जा. आणि फासा हातात घेण्याआधी न्यू गिनीतल्या त्या ३ सोंगट्यांकडं बघ. या सगळ्या प्रकरणात त्यांचं मोल किती आहे हे तुझ्या लक्षात आलेलं दिसत नाही.

आधी एक फेक नीट बघू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. तू तीन लाल फासे टाकलेस आणि आले ६, ४, २. त्याच्या दोन पांढऱ्यांवर ५ आणि ४. मोठ्याला मोठा भिडतो: तुझा ६ त्याच्या ५ वर, म्हणून त्याची एक सोंगटी गेली. मग दुसरा दुसऱ्याला: ४ ला ४, बरोबरी. बरोबरी राखणाऱ्याची, म्हणून तुझीही एक गेली. तुझा तो २ वायाच गेला. तुला एक फासा जास्त मिळतो आणि त्याला बरोबरी मिळते, अशी ही देवाणघेवाण आहे. या दोन्हींत तिसरा फासा किंचित भारी पडतो.

किंचित म्हणजे किती? पाच फाशांच्या ७७७६ शक्यता होतात. त्यातल्या २८९० वेळा त्याच्या दोन्ही सोंगट्या जातात, २६११ वेळा दोघांची एकेक जाते आणि २२७५ वेळा तुझ्या दोन्ही जातात. म्हणजे साधारण ३७, ३४ आणि २९ टक्के. यातून टेबलावर वापरायला एकच आकडा काढून ठेव: त्याची एक सोंगटी मारायला सरासरी तुझी ०.८५ जाते. दहा मारायच्या असतील तर आठ-नऊ घालवायची तयारी हवी.

समोर एकच सोंगटी असेल तर भाव बदलतो. तिथं त्याला एकच फासा मिळतो, तुझी एक फेक ६६ टक्के वेळा जिंकते आणि ती एक सोंगटी काढायला तुझी सरासरी अर्धीच खर्च होते. सीमेवर एकटी सोंगटी सोडू नये असं जुने खेळणारे का सांगतात, ते इथं कळतं. तीन सोंगट्यांनी एकीवर चढाई केली तर ९२ टक्के वेळा प्रदेश पडतो. तिथंच दोन ठेवल्या असत्या तर ६६ टक्के. त्या एका जादा सोंगटीइतका फायदा पुढची कुठलीही सोंगटी देत नाही.

उलट बाजूनंही हे लागू आहे. राखणारा कधीकधी 'एकच फासा टाकतो, म्हणजे एकच जाईल' असं म्हणतो. टाकू दे. दोन फासे टाकून तो तुझ्याकडून सोंगटीमागे ०.८५ वसूल करत होता, आता अर्धीच करणार. आमच्या शाहूपुरीतल्या टेबलावर असं कुणी म्हटलं की हल्ला करणारा चहा मागवतो.

आता तुझ्या ११ चं. त्यातली एक इंडोनेशियात राहणारच, म्हणजे हल्ल्याला १०. 'अकराला पाच' असं मोजायची सवय सोड, 'दहाला पाच' म्हण. एकाचा फरक क्षुल्लक वाटतो, पण छोट्या लढाईत त्यानं अंदाज चांगलाच चुकतो.

दहाला पाच म्हणजे शेवटपर्यंत लढलास तर सियाम पडायची शक्यता ९२ टक्के. तुला 'जिंकणारच' वाटतंय ते काही खोटं नाही. पण या ९२ मध्ये एक सोंगटी उरवून जिंकलेले डावही धरलेले आहेत. सियाममध्ये एक, इंडोनेशियात एक, आणि समोर चीनमध्ये पाच. त्याला जिंकणं म्हणायचं असेल तर म्हण. मागच्या डावात तुझं बहुधा असंच काहीतरी झालं असणार.

म्हणून प्रश्न बदलायचा. 'जिंकीन का' असा नाही, 'एवढ्या उरवून जिंकीन का' असा विचारायचा. तुझ्याच आकड्यांवर तो असा उलगडतो. निदान ३ उरवून जिंकायची शक्यता ८७ टक्के. निदान ४ उरवून ८१. निदान ५ उरवून ७३. निदान ६ म्हटलंस तर ६३, आणि ७ किंवा जास्त उरायला हव्यात असं म्हटलंस तर ५१, म्हणजे जवळजवळ छापा-काटा. प्रदेश तोच, फासे तेच, पण उरवायच्या किती यावर ९२ चे ५१ होतात. तेव्हा आधी उरवायचा आकडा ठरव, मग त्याची शक्यता बघ. बहुतेक जण उलटं करतात: आधी हल्ला, आणि उरल्या त्या वाटतात.

उरवायचा आकडा कुठून काढायचा? समोरच्याच्या पुढच्या पाळीतून. पट फिरवून त्याच्या बाजूनं बघ. सियाम गेलं की त्याचे ९ प्रदेश राहतात. प्रदेश भागिले तीन, म्हणजे त्याला ३ नव्या मिळणार. खंडाचा बोनस नाही. कार्ड एकच, म्हणजे तीन कार्डांचा सेट लावून जादा सोंगट्या घेता येणार नाहीत. चीनमधल्या ५ पैकी ४ मोकळ्या, त्यात नव्या ३: एकूण ७ सोंगट्यांनी तो सियामवर येऊ शकतो. हा ७ हाच तुझ्या सगळ्या हिशेबाचा खुंटा.

त्याच्याकडं तीन-चार कार्ड असती तर मी हे उत्तर दुसरंच दिलं असतं. सेटची किंमत प्रत्येक वेळी वाढत जाते: ४, ६, ८, १०, १२, मग १५, आणि पुढं पाच-पाचनं. पुढचा सेट ८ चा असेल आणि तो त्यानं लावला तर ७ चे एकदम १५ होतात, आणि मग तू मागे पाच ठेव नाहीतर सात, फार काही अडत नाही. म्हणून हल्ल्याआधी समोरच्याच्या सोंगट्यांच्या आधी त्याची कार्डं मोजायची. कार्डं किती हे काही लपवायचं नसतं, त्यावर काय आहे ते लपवायचं.

सात सोंगट्यांच्या हल्ल्यापुढं किती टिकतं? हे ठोकताळे पाठ करायला हरकत नाही. सातला तीन: ९१ टक्के पडतं. सातला पाच: ७४. सातला सात: ५४, म्हणजे समसमान असतानाही हल्ला करणाराच वरचढ. सातला नऊ: ३६. सातला दहा: २९. समसमानाचं एक मजेशीर आहे. चाराला चार असेल तर राखणारा थोडा पुढं, पाचाला पाच जवळजवळ बरोबरी, आणि दहाला दहा झालं की हल्ला करणारा ५७ टक्क्यांवर. लढाई जितकी मोठी तितका तिसऱ्या फाशाचा फायदा साचत जातो. 'माझ्याकडं पण तेवढ्याच आहेत' हा मोठ्या ढिगाच्या बाबतीत खोटा दिलासा आहे.

आपल्याकडं खिंड म्हटलं की पावनखिंड आठवते आणि इंडोनेशियाकडं बघून तसाच भरवसा वाटतो: एकच वाट, मूठभर माणसं, अडवून धरू. रिस्कच्या पटावर खिंडीला जादा फासा मिळत नाही. अरुंद वाटेचा फायदा एवढाच, की सगळ्या सोंगट्या एका जागी ठेवता येतात. फेक मैदानातली असो की खिंडीतली, ३७-३४-२९ तेच राहतात.

आता मांडणी. समजा सरासरीहून जरा बरं नशीब निघालं, तीन गमावून सियाम पडलं. हातात एकूण ८ राहिल्या. शेवटच्या फेकीला तीन फासे होते, म्हणजे निदान ३ सियाममध्ये न्यायलाच हव्यात, तो नियमच आहे. ३ पुढं आणि ५ इंडोनेशियात असं ठेवलंस, तर चीनच्या त्या ७ सोंगट्या सियाम घेऊन, तिथं एक सोडून, पुढं इंडोनेशियाही पाडतील याची शक्यता ३६ टक्के. आता उलटं करून बघ: सगळ्या पुढं ढकल, सियाममध्ये ७ आणि इंडोनेशियात १. इंडोनेशिया पडायची शक्यता ४१ टक्के. किंवा सियाममधल्या तिन्हींतल्या दोन पाळीच्या शेवटी मागे आण, म्हणजे पुढं १ आणि मागे ७: पुन्हा ३६.

या आकड्यांनी बऱ्याच जणांना धक्का बसतो. पुढं ठेवायच्या की मागे, यावर आमच्यात लोक तावातावानं भांडतात, आणि फरक पाच टक्क्यांचा. खरा फरक एकूण किती उरल्या यात आहे. आठऐवजी सात उरल्या (३ पुढं, ४ मागे) तर ३६ चे ४५ होतात. सहा उरल्या (३ आणि ३) तर ५६. एकेका सोंगटीला नऊ ते अकरा टक्के. म्हणजे वाटपात डोकं शिणवण्यापेक्षा फासा कधी खाली ठेवायचा हे ठरवण्यात शिणवावं.

आणि इथंच न्यू गिनीच्या ३ येतात. तिथं त्या कुणाला अडवतायत? ऑस्ट्रेलियात यायची वाट एकच, सियामहून इंडोनेशिया. इंडोनेशिया उभा आहे तोवर न्यू गिनीला हात लावणारा कुणी नाही, आणि इंडोनेशिया पडला तर तिथल्या ३ पुढं टिकणार नाहीत. पाळीच्या शेवटी एक हलवाहलव करता येते. ती सियाममधून मागे यायला खर्च करू नकोस, न्यू गिनीतल्या २ इंडोनेशियात आणायला वापर. तिथं एक पुरे. वरच्याच मांडणीत मग सियाम ३, इंडोनेशिया ७ होतात आणि ३६ टक्क्यांचा धोका २१ वर येतो. एकही फासा न टाकता! तुला पूर्ण चढाईतून मिळालं नसतं ते या एका चालीत मिळतं.

या दोन धरून तुझी रेघ कुठं येते ते बघू. हल्ल्यातून ७ उरल्या तर धोका २१ टक्के, ६ उरल्या तर २७, ५ उरल्या तर ३६, ४ उरल्या तर ४५. मी स्वतः एक तृतीयांशाच्या आसपास थांबतो, कारण ऑस्ट्रेलियाचा बोनस २ चा असला तरी तो गेला की परत मिळवायला तीन-चार पाळ्या जातात. तू जास्त धाडसी असशील तर ४ घे. पण घ्यायचं ते आता घे, फासे गरम झाल्यावर नको. मी ५ धरून पुढं जातो: दहातल्या पाच उरवून सियाम घ्यायचं, शक्यता ७३ टक्के.

पहिली फेक झाली आणि दोन्ही गेल्या. होतं, दहातून तीन वेळा होतं. आता आठला पाच. पाच उरवायच्या तर आणखी तीनच घालवता येतील. त्याची शक्यता ५१ टक्के राहिली. इथं थांबलास तर इंडोनेशियात ९, न्यू गिनीच्या २ मिळून ११, आणि सियाममधून तो ७ सोंगट्यांनीच येऊ शकतो (तिथल्या ४ मोकळ्या, ३ नव्या). ते पडायची शक्यता २९ टक्क्यांच्या आत. म्हणजे थांबणंही वाईट नाही, जाणंही वाईट नाही. प्रदेश जिंकल्यावर मिळणाऱ्या तिसऱ्या कार्डाची तुला घाई असेल तर आणखी एक फेक टाक.

दुसऱ्या फेकीलाही दोन्ही गेल्या. सहाला पाच. आता नीट बघ, कारण माणूस इथंच घसरतो. सहाला पाच म्हणजे सियाम पडायची शक्यता अजूनही ६४ टक्के. निम्म्याहून बरीच जास्त. मन म्हणतं, चार घालवल्याच आहेत, आता सोडायचं कशाला. पण पाच उरवून जिंकायचं तर एकच सोंगटी घालवायची मुभा राहिली, आणि त्याची शक्यता २१ टक्के. ६४ आणि २१. तुझं मागच्या डावातलं सगळं दुःख या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत आहे. थांबलास तर इंडोनेशियात ७ अधिक २, म्हणजे ९, सातच्या हल्ल्यापुढं ३६ टक्के धोका. हट्टानं शेवटपर्यंत गेलास तर सगळ्या वाटा मिळून धोका निम्म्याच्या वर जातो. फासा खाली ठेवायचा आणि पाळी द्यायची. कार्ड मिळालं नाही, हे मात्र खरं.

पहिली फेक चांगली आली तर उलट हिशेब. दहाला तीन झालं, की पाच घालवायची मुभा आहे आणि शक्यता ९१ टक्के. जोरात जा. एकेक झाली, नऊला चार, तर मुभा चारची आणि शक्यता ७४ टक्के. म्हणजे जवळजवळ सुरुवातीइतकीच. एकेक गेलेल्या फेकीनं परिस्थिती फारशी बदलत नाही, तिला घाबरू नकोस आणि तिच्यावर खूशही होऊ नकोस.

हे सगळे आकडे टेबलावर बसून काढता येत नाहीत, आणि मोबाइल काढून बसलं की बाकीचे वैतागतात. मी तोंडी करतो ते असं. समोरच्या सोंगट्यांना ०.८५ नं गुणायचं: हे सरासरी नुकसान. त्यावर वाईट नशिबासाठी थोडं जादा धरायचं: पाचाला तीन, दहाला साडेचार, विसाला साडेसहा. समोरचा ढीग चौपट झाला की ही जादा रक्कम दुप्पटच होते, चौपट होत नाही. मोठ्या हल्ल्यात नशिबाचा वाटा कमी होतो तो असा. एवढं धरलं की सहातल्या पाच वेळा तरी हिशेब पुरतो.

तुझ्या बाबतीत: पाचाचे सव्वाचार, खरं तर चारच, कारण शेवटची एकटी उरलेली सोंगटी स्वस्तात जाते. अधिक तीन, म्हणजे सात. दहातून सात गेल्या तर तीन उरल्या. निदान तीन उरायची शक्यता मघाशी ८७ आली होती ना, तीच ही. आणि पाच उरवायच्याच असतील आणि तोच भरवसा हवा असेल, तर हल्ल्याला बारा हव्यात. म्हणजे तू दोननं कमी आहेस. कमी असूनही जा म्हणतोय, कारण मध्येच थांबायची सोय आहे. रिस्कमध्ये हल्ला फेकीफेकीनं होतो आणि प्रत्येक फेकीनंतर तुला नाही म्हणता येतं, हा हल्ला करणाऱ्याचा सगळ्यात मोठा हक्क. तो न वापरणाऱ्याला वरचा हिशेब काही उपयोगाचा नाही.

एक पाळी थांबणं हाही पर्याय आहे, आणि तो भित्रेपणाचा नाही. आत्ता फक्त न्यू गिनीच्या २ पुढं आणल्यास तर इंडोनेशियात १३. पुढच्या पाळीला तुला प्रदेशांचे किमान ३ आणि बोनसचे २, म्हणजे १८. त्यानं आपल्या तिन्ही सियाममध्ये घातल्या असं धरलं तर तिथं ८. सतराला आठ: नुकसान सात, अधिक चार, अकरा. सहा उरतात, तेही वाईट नशीब धरून. गणित आत्तापेक्षा सरळ सुधारतं. तोटा एका कार्डाचा आणि एका पाळीचा. ऑस्ट्रेलियात बसणाऱ्याची जुनी अडचण हीच आहे, की शेजार एकच, सियाम, त्यामुळं कार्डासाठी एखादी एकटी सोंगटी टिपायची सोय नसते. तुझ्या हातात दोन कार्ड आहेत आणि तिसऱ्यानं सेट लागूही शकतो, म्हणून मी आत्ता जायच्या बाजूला झुकतो. हातात एकही कार्ड नसतं तर थांबलो असतो.

सियाम मिळालं आणि हातात बऱ्याच उरल्या, समजा आठ, तर चीनकडं बघायचा मोह होईल. नको. पुढं गेलेला प्रत्येक प्रदेश एक सोंगटी मागे ठेवून घेतो. एकट्या सोंगट्यांच्या चार प्रदेशांतून पळत गेलास तर फाशांनी सरासरी दोन जातील आणि मागे ठेवण्यात चार. लांब चढाईत सोंगट्या फाशांवर कमी आणि वाटेवर जास्त खर्च होतात. तो हिशेब समोरच्याला पुरता उठवून त्याची कार्डं घ्यायची असतील तेव्हाच जमतो. तुझ्या डावात तशी वेळ आलेली नाही, आणि चीनमध्ये तर पाच आहेत.

भारतातल्या दोन सोंगट्यांचं तेवढं राहिलं. तिसरा गडी आज दुबळा दिसतो, पण सियामला चीन, भारत आणि इंडोनेशिया असे तीन शेजारी आहेत, आणि वरचे सगळे आकडे एकटा चीनवालाच येईल असं धरून आहेत. तुझ्यानंतर पाळी भारतवाल्याची असेल तर त्याची कार्डं आणि नव्या सोंगट्या याच पद्धतीनं मोज. त्यानं आधी सियामच्या तिघींना हात घातला, तर चीनवाल्याला पुढं तुझ्यापर्यंत यायला भारतवाल्याची माणसं मारत यावं लागेल, आणि ते तुझ्या फायद्याचं आहे. पाळी चीनवाल्याची आधी असेल, तर तो सियाम घेताना झिजेल, आणि झिजलेल्या सियामवर भारतवाला कार्डासाठी टपून असेल. दोन्हीकडून बघता सियाममध्ये तीनच ठेवाव्यात, तिथं चौथी-पाचवी घालू नये. इंडोनेशियातल्या सातांना मात्र पुढच्या पाळीपर्यंत हात लावू नकोस, आणि नव्या येतील त्या पाचही आधी तिथंच ठेव.